मुलाखतीच्या उत्तराला पुरवणी लागत नाही

चामोर्शीच्या अभ्यासिकांमध्ये एक सल्ला सतत कानावर पडतो: "मुलाखतीत सविस्तर बोल. थोडक्यात बोललास तर काही येत नाही असं वाटतं." नोकरीच्या मुलाखतीसाठी मुलं उत्तरं लिहून आणतात आणि मी ती तपासते. दहातल्या सात-आठ वह्यांमध्ये या सल्ल्यानं केलेलं नुकसान दिसतं. उत्तर दीड-दोन पानांचं असतं, अक्षर वळणदार असतं, आणि पूर्ण वाचून झाल्यावर या मुलानं नक्की काय केलं हे मला सांगता येत नाही.

ही सवय कुठून येते तेही उघड आहे. दहावी-बारावीला पुरवणी जोडली की बरं वाटायचं. पुढे सरळसेवेच्या परीक्षांची तयारी सुरू झाली आणि तिथे बोलायचा प्रश्नच उरला नाही. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारनं गट क, गट ड आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. त्यामुळे इथल्या हुशार मुलांनाही समोरच्या माणसाला उत्तर देण्याचा सराव नसतो. मग एखादी संस्था, फेलोशिप, बँक किंवा कंपनी बोलावते आणि विचारते, "दोन बाजूंचं पटत नव्हतं, तेव्हा तुम्ही काय केलंत? एक प्रसंग सांगा." मुलगा मनातल्या मनात पुरवणी जोडायला लागतो.

गैरसमज नेमका हा आहे: उत्तर सविस्तर झालं की ते ठोस झालं. वस्तुस्थिती वेगळी आहे. सविस्तरपणा शब्दांत मोजला जातो. ठोसपणा ऐकणाऱ्याला काय दिसलं यावर ठरतो.

मागच्या वर्षी एका मुलानं आणलेलं उत्तर त्याच्या परवानगीनं इथे देते. तो दोन हंगाम एका धान खरेदी केंद्रावर कामाला होता. वरच्याच प्रश्नाचं त्याचं उत्तर २३ वाक्यांचं होतं. पहिली १२ वाक्यं चामोर्शी तालुका, वैनगंगेचा काठ, धानाची शेती, शेतकऱ्यांच्या अडचणी आणि खरेदी केंद्रांचं महत्त्व यांवर होती. नंतर हे: "एकदा केंद्रावर मोठा वाद झाला. शेतकरी खूप चिडले होते. वातावरण तापलं होतं. आम्ही परिस्थिती शांतपणे हाताळली. दोन्ही बाजूंना समजावून सांगितलं. शेवटी योग्य तो मार्ग काढण्यात आला." उरलेली पाच वाक्यं संवादाच्या महत्त्वावर होती. मोबाइलवर रेकॉर्ड केलं तेव्हा बोलायला साडेतीन मिनिटं लागली.

मी अशी वही पेन्सिल घेऊन तीनदा वाचते. पहिल्या वाचनात पार्श्वभूमीच्या वाक्यांना कंस करते. त्याच्या उत्तरात निम्म्याहून जास्त मजकूर कंसात गेला. दुसऱ्या वाचनात फोटो काढता येईल किंवा कानांनी ऐकता येईल अशा गोष्टींखाली रेघ ओढते. "वातावरण तापलं" याचा फोटो निघत नाही. "समजावून सांगितलं" हे ऐकू येत नाही, कारण काय सांगितलं ते वाक्यात नाही. २३ वाक्यांत एकही रेघ पडली नाही.

तिसरं वाचन मराठीसाठी खास करावं लागतं. "मार्ग काढण्यात आला" हे सरकारी पत्राचं वाक्य आहे, त्यात करणारा माणूस गायब असतो. "समजावून सांगितलं" यातही कर्ता गाळला तरी वाक्य बिनचूक राहतं. आणि "आम्ही" तर आपल्या तोंडी बसलेलंच आहे, कारण "मी, मी" करणं आपल्याकडे उद्धटपणाचं मानतात. त्या संस्काराबद्दल मला आदर आहे. पण समोरच्या माणसाला एकाच उमेदवाराची निवड करायची असते, केंद्रावरच्या सगळ्यांची नाही. म्हणून प्रत्येक क्रियापदापाशी थांबून विचारायचं: हे कुणी केलं? इतरांनी केलेलं इतरांच्या नावावर राहू द्यावं, आपण केलेलं आपल्या नावावर घ्यावं. त्यात बढाई कसली?

मग मी वही मिटली आणि त्याला विचारलं, "वाद कशावरून झाला?"

"ओलाव्यावरून, मॅडम."

पुढची दहा मिनिटं तो बोलत होता आणि मी लिहून घेत होते. हमीभावाच्या खरेदीत धानाचा ओलावा १७ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. एका शेतकऱ्याचा धान मीटरवर १८.४ आला आणि ग्रेडरनं परत न्यायला सांगितलं. शेतकरी आदल्या रात्रीपासून ट्रॅक्टर लावून बसलेला. तो म्हणाला, मीटरच खराब आहे. मागे अकरा ट्रॅक्टर उभे. हे सगळं या मुलाच्या डोक्यात स्वच्छ होतं आणि वहीत यातलं एक अक्षर नव्हतं. बारीकसारीक सांगणं म्हणजे वायफळ बोलणं, असं त्याला वाटत होतं. मोठे शब्द म्हणजे उत्तर, ही समजूत आपणच या मुलांच्या गळी उतरवली आहे आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

नवं उत्तर असं झालं:

"मी धान खरेदी केंद्रावर टोकन आणि नोंदीचं काम करत होतो. एका शेतकऱ्याच्या धानाचा ओलावा १८.४ आला. मर्यादा १७ ची आहे, म्हणून ग्रेडरनं धान नाकारला. शेतकरी म्हणाला, मीटर खराब आहे, मी जागचा हलणार नाही. मागे अकरा ट्रॅक्टर होते. निर्णय ग्रेडरचा होता, पण रांग चालू ठेवणं माझं काम होतं. मी ग्रेडरला विचारून शेतकऱ्यासमोरच वरच्या, मधल्या आणि खालच्या कट्ट्यांतून नमुने काढले. वरचे आणि मधले १७ च्या आत होते, खालचेच ओले होते. मी त्यांना म्हटलं, काका, मीटर बरोबर आहे, पण तुमचा सगळा धान ओला नाही. ६२ पैकी ४३ कट्टे आम्ही त्याच दिवशी मोजले. उरलेले १९ त्यांनी आवारात ताडपत्रीवर वाळवले आणि मी त्यांचा नंबर कायम ठेवला. दुसऱ्या दिवशी ओलावा १६.६ आला आणि तेही घेतले. पण या सगळ्यात मागची रांग अर्धा तास थांबली आणि लोक माझ्यावर चिडले. तेव्हापासून मी टोकन देतानाच ओलावा तपासून घ्यायला लागलो."

बोलायला सव्वा ते दीड मिनिट लागतं. आधीच्या उत्तराच्या निम्म्याहूनही कमी वेळात ऐकणाऱ्याला मीटर दिसतो, कट्टे दिसतात, रांग दिसते आणि मुलगाही दिसतो. रचना तीच जुनी आहे: स्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. बहुतेकांना ती 'स्टार' या नावानं माहीत असते. पण तिचे चार समान भाग करायचे नसतात, आणि इथेच अनेकांची गफलत होते. स्थितीला चार-पाच वाक्यं पुरतात. जबाबदारीला एक वाक्य लागतं आणि नेमकं तेच हमखास गळतं. वरच्या उत्तरात "निर्णय ग्रेडरचा होता, पण रांग चालू ठेवणं माझं काम होतं" हे वाक्य काढून पाहा. मुलगा विनाकारण मध्ये पडल्यासारखा वाटतो. उत्तराचा निम्मा भाग तरी कृतीला मिळायला हवा.

कापतानाही चूक होते. एका मुलीनं माझं ऐकून पार्श्वभूमी इतकी छाटली की तिचं उत्तर "पैसे कमी भरले" इथूनच सुरू झालं. कुणाचे, कुठे, ती तिथे कोण होती, काहीच कळेना. बचत गटाचं पुस्तक ती लिहायची, हे एक वाक्य परत घालावं लागलं. कंसातलं प्रत्येक वाक्य झाकून उरलेलं वाचायचं. ते वाक्य नसतानाही गोष्ट कळत असेल तर वाक्य जाऊ द्यावं.

"हे सगळं तुमचं मत झालं," असं कुणी म्हणेल. मुलाखत घेणाऱ्याच्या बाजूनं बघा. घडलेल्या प्रसंगांवर प्रश्न विचारण्याची पद्धत १९८२ मध्ये टॉम जान्झ यांच्या संशोधनातून पुढे आली. माणूस पूर्वी कसा वागला यावरून तो पुढे कसा वागेल याचा अंदाज बरा येतो, हा तिचा आधार. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 'जर्नल ऑफ अप्लाइड सायकॉलॉजी'मध्ये निवडीच्या निरनिराळ्या पद्धतींची तुलना केली. त्यात ठरावीक प्रश्न आणि ठरावीक गुणपद्धती असलेल्या मुलाखतीचा कामातल्या कामगिरीशी असलेला संबंध सर्वांत वर, ०.४२ आला. मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीचा ०.१९ होता. पद्धतशीर मुलाखत घेणाऱ्यासमोर म्हणूनच गुणांचा तक्ता असतो आणि उमेदवारानं काय केलं हे त्याला त्यात लिहायचं असतं. "परिस्थिती हाताळली" यावर तो काय लिहिणार? ०.४२ म्हणजे खात्री नव्हे, हेही खरं. चांगलं उत्तर देऊनही नोकरी हुकते.

बाकीचे गैरसमज लहान आहेत. "आमच्या गावात सांगण्यासारखं काही घडत नाही": मार्कंड्याच्या जत्रेत पाण्याच्या टाकीपाशी रांग लावणं हाही प्रसंग आहे, फक्त तो तुम्ही हाताळलेला हवा. "आकडा घातला की उत्तर ठोस होतं": ६२ कट्टे मोजलेले होते, "कार्यक्षमता ३० टक्क्यांनी वाढली" हे कुणी मोजलं? "चूक सांगू नये": वरच्या उत्तरातला अर्धा तास थांबलेल्या रांगेचा भाग काढला तर टोकनच्या वेळी तपासायची सुधारणा कुठून आली ते कळणार नाही. "प्रसंगातून काय शिकलो ते शेवटी सांगावंच लागतं": बदललेली सवय सांगितली की ते सांगून झालं.

एक गैरसमज मात्र तपासणाऱ्यांचा आहे आणि तो जास्त घातक आहे. उत्तर सुधारायचं म्हणजे आपण चांगली वाक्यं घालून द्यायची, असं अनेक शिक्षक समजतात. मी एकदा तसं केलं होतं. मुलीच्या वहीत माझं एक नेटकं वाक्य घातलं, "मी सर्वांची स्वतंत्र भेट घेतली." मुलाखतीत पहिलाच उपप्रश्न आला, "पहिली भेट कुणाची घेतली?" ती गप्प झाली, कारण भेटी तिनं घेतल्याच नव्हत्या. तेव्हापासून मी फक्त प्रश्न विचारते आणि लिहिते तेच, जे त्यांनी सांगितलं.

पाठ करण्याचा उपायही त्याच कारणानं फसतो. म्हणून शेवटच्या फेरीत मी वही बाजूला ठेवायला लावते आणि मित्राला समोर बसवते. मित्रानं तीनच प्रश्न विचारायचे: तेव्हा तो काय म्हणाला? तू तेच का केलंस? दुसरं काय करता आलं असतं? धान केंद्रावरच्या मुलाला तिसरा प्रश्न आला तेव्हा तो थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, "त्या ट्रॅक्टरला आधीच बाजूला घेऊन मागच्या अकरांचं मोजमाप चालू ठेवता आलं असतं. मला तेव्हा सुचलं नाही."

हे वहीत नव्हतं. मी ते वहीत घालू दिलं नाही. विचारलं तरच सांग, म्हटलं.