पसरत जाणारं कडं

स्टॉकहोममधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका बैठकीत 1909 साली अर्विद अफझेलियस या डॉक्टरांनी एका वयस्कर बाईची हकिगत मांडली. तिला गोचीड चावली होती आणि त्या जागेभोवती एक लाल कडं उमटलं होतं. कडं मोठं होत बाहेर सरकत होतं. अफझेलियस यांनी गोचिडीचा आणि या चट्ट्याचा संबंध जोडला, पण तो कशामुळे उठतो हे त्यांना सांगता आलं नाही. पुढची कित्येक वर्षं युरोपातल्या त्वचारोगतज्ज्ञांना हा चट्टा माहीत होता. पन्नाशीच्या दशकात तिथे त्यावर पेनिसिलिनही दिलं जाऊ लागलं. अमेरिकेत मात्र त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. तिथली पहिली ठळक नोंद 1970 ची, विस्कॉन्सिन राज्यातली. रुग्ण स्वतः डॉक्टर होते आणि रानात शिकारीला गेले असताना त्यांना गोचीड चावली होती. त्यांच्यावर उपचार करणारे रुडॉल्फ स्क्रिमेंटी यांना युरोपातलं जुनं लेखन आठवलं. त्यांनी पेनिसिलिन दिलं आणि चट्टा गेला.

या चट्ट्यामागच्या आजाराला नाव मिळालं ते कनेटिकट राज्यातल्या लाइम या छोट्या गावावरून. तिथे राहणाऱ्या पॉली मरे यांच्या घरात वर्षानुवर्षं कुणी ना कुणी आजारी असे. कधी गुडघे सुजत, कधी अंगावर चट्टे उठत, कधी ताप येई. डॉक्टरांना काही सापडत नव्हतं. मरे वहीत टिपणं ठेवत गेल्या. आसपासच्या घरांतली मुलंही अशीच लंगडतात हे लक्षात आल्यावर 1975 मध्ये त्यांनी राज्याच्या आरोग्य खात्याला कळवलं. त्या भागातल्या आणखी एका आईनेही त्याच सुमारास तक्रार केली. लहान मुलांचा संधिवात हा विरळा आजार आहे. तो एवढ्याशा भागातल्या इतक्या मुलांत निघणं विचित्र होतं.

येल विद्यापीठातले तरुण डॉक्टर अ‍ॅलन स्टीअर तपासाला लागले. त्यांच्या 1977 च्या अहवालात 51 रुग्ण आहेत, त्यातली 39 मुलं. बहुतेकांचं दुखणं उन्हाळ्यात किंवा पानगळीच्या सुरुवातीला उपटलेलं होतं आणि घरं झाडीच्या भागात होती. त्यातल्या 13 जणांनी आणखी एक गोष्ट सांगितली. सांधे धरण्याच्या साधारण महिनाभर आधी अंगावर लाल पुळी उठली होती आणि ती पसरून कडं झालं होतं. एखाद्याचं कडं 50 सेंटिमीटरपर्यंत गेलं होतं. अफझेलियस यांचा चट्टा असा गुडघेदुखीच्या शोधात सापडला. पॉली मरे यांची वही नसती तर या मुलांच्या दुखण्यांना वेगवेगळी नावं देऊन त्यांची पांगापांग झाली असती.

जंतू सापडला 1981 मध्ये. मोंटाना राज्यातल्या हॅमिल्टन इथल्या प्रयोगशाळेत विली बर्गडॉर्फर हे मूळचे स्विस शास्त्रज्ञ न्यूयॉर्कजवळच्या शेल्टर बेटावरून आलेल्या गोचिडी चिरून पाहत होते. ते शोधत होते दुसऱ्याच एका तापाचे जंतू. गोचिडीच्या आतड्यात त्यांना लांब, पिळदार, वळवळणारे जिवाणू दिसले. गोचिडीतले पिळदार जंतू हाच त्यांच्या डॉक्टरेटचा विषय होता, त्यामुळे नजर तयार होती. लाइमच्या रुग्णांचं रक्तद्रव या जंतूंना प्रतिसाद देतं हे दिसलं, आणि जंतूला पुढे त्यांचंच नाव मिळालं: बोरेलिया बर्गडॉर्फेरी.

कडं का पसरतं, याचं उत्तर या जिवाणूच्या हालचालीत आहे. गोचीड जिथे चावते तिथे ते कातडीत उतरतात आणि तिथून चहूबाजूंनी बाहेर सरकायला लागतात. शरीर त्यांच्याशी झुंजतं, त्या झुंजीची लाली म्हणजे चट्टा. पुढे सरकणारे जंतू बाहेरच्या कडेला असतात, म्हणून कडा ताजी आणि लाल राहते. मधल्या भागातली लढाई ओसरली की तो कधी फिका पडतो. मग लाल ठिपका, भोवती फिकट पट्टा आणि त्याबाहेर लाल कडं असं नेमबाजीच्या लक्ष्यासारखं चित्र तयार होतं. पुस्तकांत छापतात ते हेच.

पण या चित्राने बऱ्याच जणांची फसगत केली आहे. अमेरिकेतल्या रुग्णांत असं रेखीव लक्ष्य थोड्यांच्याच अंगावर दिसतं. बहुतेकांचा चट्टा नुसता गोल किंवा लंबगोल, सगळीकडून सारखाच लाल असतो. मधे फिकट जागा नाही म्हणून लाइम नाही, असं ठरवणं चूक आहे. खरी खूण आकाराची नसून वाढीची आहे. चावल्यापासून 3 ते 30 दिवसांत, बहुधा आठवडाभराने, चट्टा उगवतो आणि दिवसागणिक मोठा होतो. पाच सेंटिमीटरच्या पुढे गेला की तो गांभीर्याने घ्यायचा. हाताला थोडा कोमट लागतो, पण सहसा फारसा खाजत नाही आणि दुखतही नाही, त्यामुळे पाठीवर किंवा गुडघ्यामागे असला तर कळतच नाही. उलट, चावल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतच उठणारी, खाजणारी, रुपयाएवढी लाली म्हणजे गोचिडीच्या लाळेची अ‍ॅलर्जी. ती दोन दिवसांत विरते.

आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर आणखी एक अडचण आहे. लाली दिसण्याऐवजी चट्टा जांभळट, तपकिरी किंवा मुका मार लागल्यासारखा दिसतो. पाठ्यपुस्तकांतले फोटो वर्षानुवर्षं गोऱ्या कातडीचेच राहिले. त्यामुळे सावळ्या लोकांचा आजार चट्ट्याच्या टप्प्यावर हुकतो आणि सांधे धरल्यावर हाती लागतो. न्यू जर्सी, कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स या राज्यांत मराठी माणसं मोठ्या संख्येने आहेत आणि उन्हाळ्यात त्यांच्याकडे आईवडील येऊन राहतात. या राज्यांत हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि सर्वाधिक पसरतो तो याच महिन्यांत.

समजा, एक आजी जूनमध्ये न्यू जर्सीला मुलाकडे आल्या आहेत. घरामागे झाडी आहे, रोज संध्याकाळी त्या नातवाबरोबर तिथे फिरतात. गवतातून एक गोचीड त्यांच्या पायावर चढते. ती पूर्ण वाढलेली नाही, खसखशीच्या दाण्याएवढं पिल्लू आहे. ते गुडघ्यामागच्या मऊ कातडीत तोंड रुतवून बसतं. चावताना काही जाणवत नाही. जंतू गोचिडीच्या आतड्यात असतात. गरम रक्त पोटात गेल्यावर ते वाढतात आणि मग लाळग्रंथींपर्यंत पोहोचतात. या प्रवासाला सहसा दीड-दोन दिवस लागतात, म्हणून त्याच संध्याकाळी गोचीड काढली तर धोका फार थोडा. आजींना ती तिसऱ्या दिवशी अंघोळ करताना हाताला लागते, तीळ समजून त्या सोडून देतात, आणि पोट भरल्यावर ती आपोआप गळून पडते.

नवव्या दिवशी सुनेला चट्टा दिसतो, सहा सेंटिमीटरचा, जांभळट. ती पेनाने कडेवर रेघ ओढते, फोटो काढते आणि तारीख लिहून ठेवते. अकराव्या दिवशी चट्टा रेघेच्या दोन-दोन सेंटिमीटर बाहेर गेलेला असतो. आजींना कणकण आहे, मान दुखते आहे. क्लिनिकमधले डॉक्टर चट्टा पाहतात आणि रक्त न तपासता डॉक्सिसायक्लिन लिहून देतात, 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, 10 दिवस. घरच्यांना हे घाईचं वाटू शकतं, पण तेच बरोबर आहे. रक्ततपासणी जंतू शोधत नाही, त्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधते, आणि ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. चट्टा ताजा असताना अहवाल बऱ्याचदा 'नाही' येतो. अशा अहवालावर भरवसा ठेवून थांबलं की उपचाराची सर्वांत सोपी वेळ निघून जाते.

आता हेच थोडं बदलून पाहू. आजी सातव्या दिवशी पुण्याला परतल्या आणि चट्टा इथे उगवला. गोल कडं दिसलं की आपल्याकडे आधी मनात येतं ते गजकर्ण, आणि तो अंदाज बहुतेक वेळा खराही असतो. पण गजकर्णाच्या कडेवर कोंडा असतो, बारीक पुटकुळ्या असतात, खाज सुटते आणि ते आठवड्यांच्या हिशोबाने सावकाश वाढतं. लाइमचा चट्टा गुळगुळीत असतो आणि दिवसांच्या हिशोबाने वाढतो. इथे औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावलं तर चट्टा फिका पडेल. मलम न लावताही तो तीन-चार आठवड्यांत आपोआप जातो. जंतू मात्र जात नाहीत. ते रक्तातून पसरतात. मग अंगावर इतर ठिकाणी छोटे चट्टे उठतात, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते, क्वचित हृदयाचे ठोके मंदावून चक्कर येते. काही महिन्यांनी एक गुडघा टम्म फुगतो. तोवर अमेरिकेतल्या गवताची आठवण कुणाला राहत नाही आणि उपचार वयोमानाच्या संधिवाताचा सुरू होतो. 'मी जूनमध्ये न्यू जर्सीला होते' हे एक वाक्य डॉक्टरांसमोर बोललं गेलं, तर तपासाची दिशा बदलते. उशिरा का होईना, या टप्प्यावरही महिनाभर प्रतिजैविकं दिली की बहुतेकांचा गुडघा उतरतो.

गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत तिच्या तोंडाजवळ धरून, न पिळता, सरळ वर ओढायची. रॉकेल, चटका, तेल यातलं काही लावायचं नाही, कारण त्यात वेळ जातो आणि चिडलेली गोचीड आतला ऐवज जखमेत ओकू शकते. लाइमच्या पट्ट्यात दीड दिवसाहून अधिक चिकटलेली गोचीड निघाली, तर काढल्यापासून 72 तासांच्या आत डॉक्टर डॉक्सिसायक्लिनचा 200 मिलिग्रॅमचा एकच डोस देतात.

महाराष्ट्रात गुरांच्या आणि कुत्र्यांच्या अंगावर नेहमी दिसणाऱ्या गोचिडी लाइमच्या वाहक मानल्या जात नाहीत. इथला गोचिडीचा धोका वेगळा आहे. सिंधुदुर्गात 2016 पासून आणि त्याआधी गोव्यातल्या सत्तरीत आढळलेला माकडताप गोचिडीच पसरवतात. तो विषाणूचा आजार आहे, त्यात कडं उठत नाही. एकाएकी जोराचा ताप, डोकेदुखी, अंग मोडून येणं आणि काहींना रक्तस्राव, असं त्याचं रूप. विदर्भात पावसाळ्यानंतर दिसणाऱ्या स्क्रब टायफसमध्ये गोचीड नसून तिच्याच नात्यातला एक बारीक किडा चावतो आणि त्या जागी सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली धरते. ती काखेत, जांघेत, छातीखाली दडलेली असते आणि तापाच्या रुग्णाचे कपडे काढून नीट पाहिलं तरच सापडते.