1, 2 आणि पुन्हा 1? मार्कडाउनमधली यादी का बिघडते, समजून घ्या

मी पनवेलमध्ये, मैत्रीण पुण्यात. एक छोटा प्रोग्राम कसा चालवायचा, याच्या पायऱ्या मी तिला एका मार्कडाउन फाईलमध्ये लिहून पाठवल्या. फोनवर म्हटलं, "आता तिसरी पायरी कर." ती म्हणाली, "तिसरी कुठेय? इथे 1, 2 आणि पुन्हा 1 दिसतंय!" फाईलमध्ये तर सगळं नीट होतं. मग बिघडलं कुठे?

मार्कडाउन म्हणजे काय?

व्हॉट्सअ‍ॅपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना * टाकलं की अक्षरं ठळक होतात. मार्कडाउनचं तत्त्व तेच आहे. साध्या मजकुरात खुणा टाकायच्या, त्यावरून संगणक मथळे, याद्या आणि कोडच्या चौकटी बनवतो. जॉन ग्रुबर यांनी 2004 मध्ये ही पद्धत आणली. इथे ओळीच्या सुरुवातीची रिकामी जागा, म्हणजे स्पेस, हीसुद्धा एक खूणच असते. आपल्याला ती दिसत नाही, म्हणून घोळ होतो.

माझी चूक कुठे झाली?

आकडे मार्कडाउन स्वतःच मोजतं, म्हणून अनेकजण प्रत्येक पायरीला 1 च लिहितात. मीही तेच केलं होतं:

````
1. फोल्डर शोधा
1. ही कमांड चालवा
```
cd panvel
```
1. फाईल उघडा
````

कोडची चौकट सुरू करणारे तीन बॅकटिक मी ओळीच्या अगदी सुरुवातीला टाकले. मार्कडाउनने त्याचा अर्थ लावला, "यादी संपली." चौकटीनंतर नवी यादी सुरू झाली आणि मोजणी पुन्हा 1 पासून. चौकट दुसऱ्या पायरीच्या पोटात हवी असेल, तर ती आत सरकवावी लागते:

````
1. फोल्डर शोधा
1. ही कमांड चालवा

    ```
    cd panvel
    ```

1. फाईल उघडा
````

किती आत सरकवायचं?

गिटहब वापरतं ते नियम सांगतात की आतली ओळ वरच्या ओळीतल्या पहिल्या अक्षराच्या खाली किंवा थोडी पुढे सुरू व्हावी. `- ` या खुणेनंतर किमान 2 स्पेस, `1. ` नंतर 3 आणि `10. ` नंतर 4. म्हणूनच एक गंमत होते. 3 स्पेस देऊन लिहिलेली यादी नवव्या पायरीपर्यंत छान दिसते आणि दहावीला अचानक उपमुद्दे बाहेर पडतात. आकडा एका अक्षराने वाढला, स्पेस मात्र तेवढ्याच राहिल्या.

एके ठिकाणी बरोबर, दुसरीकडे चूक?

ग्रुबर यांच्या मूळ नियमांत बऱ्याच जागा मोकळ्या होत्या, त्यामुळे प्रत्येक सॉफ्टवेअरने आपापला अर्थ लावला. 2014 मध्ये कॉमनमार्क नावाने नेमके नियम लिहायला सुरुवात झाली आणि गिटहबने 2017 मध्ये त्यावर आधारित आपले नियम जाहीर केले. पण सगळे त्याच वाटेने गेले नाहीत. एमकेडॉक्स हे साधन पायथन-मार्कडाउन वापरतं. त्याला उपमुद्द्याआधी 4 स्पेस लागतात. शिवाय परिच्छेद आणि यादी यांच्यामध्ये रिकामी ओळही लागते. ती नसेल तर `- ` खुणेसकट सगळे मुद्दे वरच्या वाक्याला चिकटतात. गिटहब इथे सांभाळून घेतं, म्हणून चूक आधी लक्षातच येत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी खास

पायरीला `१.` असा देवनागरी आकडा दिला, तर गिटहब त्याला यादी मानत नाही, साधं वाक्य मानतं. मग हे बघा:

```
१. तयारी

    - बॅकअप घ्या
```

रिकाम्या ओळीनंतर 4 स्पेस आहेत आणि वर यादीच नाही. अशा ओळीला मार्कडाउन कोड समजतं. "बॅकअप घ्या" ही सूचना राखाडी चौकटीत जाते आणि वाचणाऱ्याला ती कमांड वाटू शकते. म्हणून पायऱ्यांना 1, 2, 3 हेच आकडे वापरा.

मग करायचं काय?

यादीच्या आधी आणि नंतर एक रिकामी ओळ सोडा. आतल्या प्रत्येक पातळीला 4 स्पेस द्या. 99 पायऱ्यांपर्यंत हे दोन्हीकडे चालतं. एक अडचण मात्र उरते. पायथन-मार्कडाउनच्या नेहमीच्या सोयीत बॅकटिकची चौकट यादीच्या आत चालत नाही, त्यासाठी सुपरफेन्सेस हे एक्स्टेन्शन जोडावं लागतं.

फाईल पाठवण्याआधी ती जिथे वाचली जाणार, तिथेच उघडून बघा. आकडे पुन्हा 1 पासून सुरू झाले असतील, तर त्याच्या लगेच वरची ओळ आत सरकवायची राहिली आहे. न मागता राखाडी चौकट आली असेल, तर स्पेस जास्त झाल्या आहेत किंवा वरची यादी ओळखलीच गेलेली नाही. आणि मुद्दे एका ओळीत चिकटले असतील, तर रिकामी ओळ राहिली आहे.

माझ्या फाईलमध्ये चौकटीच्या तीन ओळींपुढे 4-4 स्पेस टाकल्या. मैत्रिणीला तिसरी पायरी सापडली.