आसाला न ओळखणारी दिशा

टेबलावर सिझियम-137 चा गुंडीएवढा स्रोत ठेवायचा, त्याच्यापासून 14.2 सेंटिमीटरवर 5 सेंटिमीटर व्यासाचं तोंड असलेला डिटेक्टर लावायचा आणि किती गॅमा किरण येतात ते मोजायचं. एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग नेहमीचाच. त्याला जोडून आम्ही विद्यार्थ्यांकडून एक छोटा प्रोग्रॅमही लिहून घेतो. त्यात खरा स्रोत नसतो. संगणक एकेक किरण सोडतो, त्याला कुठलीतरी दिशा देतो आणि तो डिटेक्टरच्या तोंडावर पडला का, एवढंच बघतो. असे एक लाख किरण सोडायचे. किरण आत शिरून काय करतो, किती ऊर्जा टाकतो वगैरे पुढचं सगळं बाजूला ठेवलं, तरी ‘कुठलीतरी दिशा’ हे दोन शब्दच पोरांचा निम्मा तास खातात.

बहुतेक जण पहिल्या झटक्यात हे लिहितात:

```python
theta = random.uniform(0, math.pi)
phi = random.uniform(0, 2*math.pi)
```

उभ्या आसापासूनचा कोन 0 ते 180 अंशांत कुठलाही, आणि आसाभोवती फिरवणारा कोन 0 ते 360 अंशांत कुठलाही. दोन्ही कोन निःपक्षपातीपणे निवडले, म्हणजे दिशाही निःपक्षपाती झाली, असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. प्रोग्रॅम चालतो, कुठे अडत नाही, आकडाही देतो.

आता डिटेक्टर स्रोताच्या बरोबर वर, आसावर ठेवा. दिलेल्या अंतरावर त्याच्या तोंडाची कड आसापासून 10 अंशांवर येते. म्हणजे ज्या किरणाचा पहिला कोन 10 अंशांपेक्षा कमी, तो आत पडला. 180 पैकी 10, म्हणजे लाखात साधारण 5,556 किरण. मग तोच डिटेक्टर, तेवढ्याच अंतरावर, आडवा करून बाजूला ठेवा आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवा. आता लाखात जेमतेम 485 किरण येतात.

‘‘सर, बाजूला ठेवला की मोजणी पडते.’’

‘‘टेबलावरचा स्रोत असं करतो का?’’

करत नाही. सिझियमच्या अणूला आपण झेड-अक्ष कुठल्या बाजूला धरलाय याची गंधवार्ता नसते. आस आपण वहीत आखलेला असतो. डिटेक्टर कुठेही फिरवला तरी अंतर तेच असेल, तर मोजणी तीच यायला हवी. 10 अंशांची गोल टोपी गोलाच्या पृष्ठभागाचा (1 − cos 10°)/2 एवढा भाग व्यापते, म्हणजे 0.0076. लाखात 760. एक लाख किरणांच्या खेळात या आकड्याला अठ्ठावीस-एक इकडेतिकडे होण्याची मुभा असते, त्याहून फार नाही. तेव्हा वर आलेला आकडा खऱ्याच्या सातपटीहून जास्त आहे आणि बाजूचा जवळपास दोन तृतीयांश. दोन्ही चुकीचे, तेही विरुद्ध बाजूंना.

हे का होतं ते पृथ्वीच्या गोलावर बोट ठेवून दाखवता येतं. पहिला कोन समान वाटला, म्हणजे 10-10 अंशांच्या अठरा पट्ट्यांना सारखेच किरण वाटून दिले. प्रत्येकीला 5,556. पण पट्ट्या सारख्या नाहीत. विषुववृत्ताला लागून असलेला 10 अंशांचा पट्टा सगळ्या पृथ्वीला वळसा घालतो. ध्रुवाला लागून असलेला पट्टा म्हणजे नुसती एक चकती. दोघांची रुंदी सारखी, पण क्षेत्रफळात साडेअकरा पटींच्या आसपास फरक. जिथे जागा कमी तिथेही तेवढीच माणसं उतरवली, तर दाटी होणारच. उरलेली पृथ्वी मग ओस दिसते. पृथ्वीचं निम्मं क्षेत्रफळ 30 अंश दक्षिण ते 30 अंश उत्तर या पट्ट्यात आहे. दोन समान कोनांच्या पद्धतीत तिथे बिंदू येतात फक्त एक तृतीयांश.

मग न्याय्य वाटणी कशी करायची? याचं उत्तर इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने गोल आणि दंडगोल यांवर लिहिलेल्या ग्रंथातून निघतं. त्याला स्वतःला हे काम इतकं प्रिय होतं, की त्याच्या थडग्यावर गोल आणि दंडगोलाची आकृती कोरली होती, आणि सिसेरोने पुढे ते थडगं त्या आकृतीवरूनच ओळखलं. एका मोसंबीचे सारख्या जाडीचे काप करा. मधल्या कापाला मोठं वर्तुळ मिळतं, पण तिथे साल जवळजवळ उभी असते, त्यामुळे सालीची पट्टी अरुंद. टोकाकडच्या कापाचं वर्तुळ लहान, पण तिथे साल तिरपी पसरलेली, त्यामुळे पट्टी रुंद. वर्तुळ जेवढ्या पटीने लहान होतं, पट्टी नेमकी तेवढ्याच पटीने रुंद होते. सगळ्या कापांना सारखीच साल येते. मोसंबी अगदी गोल हवी, एवढीच अट.

तेव्हा समान वाटायची ती उंची. कोन वाटायचा नाही. आसावरची उंची −1 ते 1 मध्ये कुठलीही घ्यायची, आसाभोवतीचा कोन पूर्वीसारखाच, आणि उरलेलं पायथागोरस सांगतो:

```python
u = random.uniform(-1, 1)
phi = random.uniform(0, 2*math.pi)
s = math.sqrt(1 - u*u)
x, y, z = s*math.cos(phi), s*math.sin(phi), u
```

दुसऱ्या कोनाला हातही लावलेला नाही. आसाभोवती फिरताना गोल सगळीकडे सारखाच दिसतो, त्यामुळे त्याची वाटणी पहिल्यापासून बरोबरच होती. हा प्रोग्रॅम चालवला की डिटेक्टर वर असो, बाजूला असो, तिरका असो, आकडा 760 च्या आसपासच घुटमळतो.

खरी गंमत आहे ती चूक पकडण्यात. बिंदू पडद्यावर काढले तर ध्रुवांवरची दाटी डोळ्यांना दिसते, पण तेही गोल बाजूने पाहिला तर. थेट ध्रुवावरून पाहिलं, तर बरोबर वाटलेले बिंदूही कडेला दाटलेले दिसतात, कारण कडेला गोलाचा पृष्ठभाग डोळ्यांपासून पाठ फिरवून जातो. चित्रावर विसंबण्यात अर्थ नाही. काही विद्यार्थी सगळ्या दिशांची सरासरी काढतात, ती शून्य येते आणि ते निश्चिंत होतात. पण ती चुकीच्या पद्धतीतही शून्यच येते. वर जेवढी गर्दी तेवढीच खाली, एकमेकांना पुसून टाकतात. याहून फसवी गोष्ट म्हणजे डिटेक्टर आसापासून सुमारे 39.5 अंशांवर ठेवला, तर चुकीचा प्रोग्रॅमही जवळजवळ बरोबर आकडा देतो. ध्रुवाकडे गर्दी जास्त, विषुववृत्ताकडे कमी, तर मध्ये कुठेतरी ती बरोबर असणारच. नेमक्या तिथेच कुणी चाचणी घेतली, तर चूक वर्षभर लपून राहील.

मी वर्गांची सरासरी काढायला सांगतो. प्रत्येक दिशेसाठी x, y आणि z यांचे वर्ग घ्या आणि तिन्हींची वेगवेगळी सरासरी काढा. तिन्ही वर्गांची बेरीज नेहमी 1, आणि खऱ्या निःपक्षपाती दिशांना तिन्ही अक्ष सारखे, म्हणून प्रत्येकाची सरासरी एक तृतीयांश. दोन समान कोनांच्या पद्धतीत येतं पाव, पाव आणि अर्धं. तीन ओळींची चाचणी आहे आणि चूक तिथल्या तिथे उघडी पडते. अर्ध्या आकड्याचा अक्ष कोणता, हे पाहिलं की गुन्हेगारही कळतो.

मात्र या चाचणीलाही चकवणारा एक प्रकार आहे. कोन नकोत म्हणून एखादी चलाख विद्यार्थिनी x, y, z तिन्ही −1 ते 1 मध्ये निवडते आणि लांबीने भागून टाकते. वर्गांची सरासरी काढली तर तिन्ही एक तृतीयांश. शाब्बास म्हणावं, तर डिटेक्टर (1, 1, 1) या दिशेला ठेवून पाहावा. तिने बिंदू घनात निवडले आहेत, आणि घनाचा कोपरा केंद्रापासून बाजूच्या मध्यापेक्षा लांब असतो. त्या दिशेला जास्त घनफळ, म्हणून जास्त बिंदू. कोपऱ्याच्या नेमक्या दिशेला गर्दी बाजूच्या मध्याच्या पाचपटीहून अधिक. इथे तिन्ही अक्षांना समान वागणूक आहे, फक्त अक्षांची स्वतःची चाहूल अजून पुसलेली नाही. उपाय तिच्याच हातात असतो: लांबी 1 पेक्षा जास्त निघाली तर तो बिंदू टाकून द्यायचा आणि नवा घ्यायचा. घनात बसणारा गोल घनाचा 52 टक्क्यांच्या आसपास भाग व्यापतो, म्हणजे जवळपास निम्मे बिंदू वाया जातात. आजच्या संगणकाला त्याचं फारसं काही वाटत नाही.

याहून देखणा मार्ग म्हणजे तिन्ही आकडे घंटाकृती, म्हणजे नॉर्मल वाटणीतून घ्यायचे आणि मग लांबीने भागायचं. तशा तीन आकड्यांची एकत्र शक्यता फक्त लांबीवर अवलंबून असते, दिशेचा त्यात मागमूस राहत नाही. म्हणून टाकून देण्याची भानगडच नाही, आणि तीनऐवजी दहा मिती असल्या तरी तीच ओळ चालते. तीनच मिती असतील, तर मला तरी उंची आणि कोनाची पद्धत जास्त आवडते, कारण तिच्यात काय चाललंय ते दिसतं.

आणि ते दिसण्याचा उपयोग पुढच्याच प्रयोगात होतो. गॅमा स्रोताचा धडा पक्का झाल्यावर विद्यार्थी आकाशातून येणाऱ्या म्युऑन कणांनाही सर्व दिशा सारख्याच वाटून टाकतात. पण म्युऑन सरळ वरून जास्त येतात, क्षितिजाकडून कमी. समुद्रसपाटीवर त्यांची तीव्रता साधारणपणे वरच्या दिशेपासूनच्या कोनाच्या cos² प्रमाणात घटते. इथे दिशांमध्ये भेदभाव खराच आहे, तो प्रोग्रॅममध्येही यायला हवा. 0 ते 1 मधला एक यादृच्छिक आकडा घेऊन त्याचं घनमूळ उंची म्हणून वापरलं, की दिशा त्या तीव्रतेनुसार पडतात. तेच म्युऑन आडव्या, सपाट पत्र्यातून जाताना मोजायचे असतील, तर तिरक्या कणाला पत्रा अरुंद दिसतो, आणखी एक cos येतो, आणि मग चौथं मूळ घ्यावं लागतं. घनमूळ की चौथं मूळ, हे प्रोग्रॅम लिहिण्याआधी फळ्यावर डिटेक्टरचं चित्र काढून ठरवायचं. पत्रा आडवा आहे की कणाच्या समोर तोंड करून, हे त्या चित्रावरून ठरतं.