शून्यापासून हिशेब

बमरोलीच्या आमच्या मराठी वस्तीत मागावर काम करणारी खानदेशी कुटुंबे पुष्कळ आहेत. अशा वस्तीतील एखाद्या रात्रशाळेचे उदाहरण आपण कल्पनेने घेऊ. वीज नव्हती तेव्हा शाळेच्या अंदाजपत्रकात कंदिलांसाठी पाच हजार रुपये ठेवले होते. वीज आली, तरी ते कलम राहिले आणि त्यात दरसाल शेकडा दहा वाढ होत गेली. पाच वर्षांनी ते आठ हजारांवर गेले. कंदील मात्र एकही नाही! ‘मागील पानावरून पुढे’ चालणाऱ्या या रीतीस वाढीव अंदाजपत्रक म्हणतात. तीत चर्चा होते ती केवळ वाढीची. मूळ रकमेस कोणी हात लावीत नाही.

शून्याधारित पद्धतीत मूळ रक्कमच शून्य धरतात. प्रत्येक कामाचा खर्च आणि त्याचे फळ निरनिराळ्या पातळ्यांवर मांडावे लागते. रात्रशाळेचे एक केंद्र साठ हजारांत तीस विद्यार्थी शिकवील. दोन केंद्रे एक लाख दहा हजारांत साठ. अशा सर्व मागण्या महत्त्वाच्या क्रमाने लावतात आणि पैसा संपेल तेथे रेघ ओढतात. रेघेखालचे काम बंद. कंदिलांचे कलम येथे टिकत नाही.

अमेरिकेत पीटर पायर यांनी ही पद्धत एका कंपनीत बसविली. जिमी कार्टर यांनी ती प्रथम जॉर्जिया राज्यात आणि 1977 नंतर केंद्र सरकारात नेली. 1981 मध्ये तेथे ती सोडण्यात आली. आपल्याकडे 1986 च्या सुमारास, शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, महाराष्ट्र शासनाने तिचा स्वीकार केला. पण ती पूर्णत्वाने रुजली नाही.

असे का व्हावे? पहिले कारण, बराचसा खर्च आधीच बांधलेला असतो. वेतन, निवृत्तिवेतन, कर्जावरील व्याज यांवर रेघ ओढता येत नाही. व्याजाच्या खर्चावर तर विधानसभेत मतदानही होत नाही. दुसरे कारण कागदांचे. जॉर्जियात अशा सुमारे दहा हजार मागण्या तयार झाल्या. त्या वाचणार कोण?

तिसरे कारण अधिक खोल आहे. क्रम लावतो तो खर्च करणारा अधिकारीच. तो रात्रशाळा मुद्दाम तळाशी ठेवतो आणि साहेबांची मोटार वर. शाळा बंद होणार म्हणताच ओरड होते, जादा पैसा मिळतो, मोटारही वाचते. ओरड न झाल्यास मात्र शाळाच जाते.

म्हणून दरसाल सर्व खाती तपासण्याऐवजी पाळीपाळीने थोडी खाती शून्यापासून तपासणे व्यवहार्य ठरते. तपासणी खरी झाली की नाही, हे ओळखण्याची एक खूण आहे. नव्या पत्रकातील प्रत्येक कलमाचा वाटा गतवर्षाइतकाच निघाला, तर शून्य केवळ मुखपृष्ठावर होते असे समजावे.