साडेतीन टक्क्यांचा शेअर की सात टक्क्यांची एफडी?

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा विषय एका श्रोत्याच्या मेसेजवरून घेतलाय. त्याच्या वडिलांकडे एका वीजवाहिन्यांच्या कंपनीचे ५०० शेअर आहेत. भाव ३०० रुपये, गेल्या वर्षीचा लाभांश शेअरमागे १० रुपये. (आकडे मी हिशेबासाठी गोल केलेत, आणि कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही.) त्याचा प्रश्न असा: "अ‍ॅपवर डिव्हिडंड यील्ड ३.३ टक्के दिसतं. बँक एफडीवर ७ टक्के देतेय. मग बाबांनी हे विकून एफडी का करू नये?"

प्रश्न रास्त आहे, पण तुलना अर्धीच झालीय. एफडीचं व्याज दरवर्षी तेवढंच राहतं. लाभांश वाढू शकतो. आज १० रुपये देणारी कंपनी दहा वर्षांनी १८ देत असेल, तर आज ३०० मोजणारा माणूस त्या १८ चेही पैसे मोजतोय. म्हणजे बाजार या शेअरकडून नेमका किती परतावा मागतोय, हे भावातच दडलेलं असतं. ते बाहेर काढायचं सूत्र एका ओळीचं आहे:

```
परतावा = (पुढच्या वर्षीचा लाभांश ÷ आजचा भाव) + वाढीचा दर
```

मायरन गॉर्डन आणि एली शपिरो यांनी १९५६ मध्ये हे मांडलं. कंपनीच्या बाजूने पाहिलं तर हाच तिचा भागभांडवलाचा खर्च, कारण भागधारक जे मागतो तेच कंपनीला कमवून द्यावं लागतं.

आता आकडे घालू. लाभांश दरवर्षी ६ टक्के वाढेल असं समजा. मग पुढच्या वर्षीचा लाभांश १०.६० रुपये. त्याला ३०० ने भागलं की ३.५ टक्के. त्यात ६ मिळवले की ९.५ टक्के. इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे अ‍ॅपवरचं ३.३ उचलून त्यात ६ मिळवणं. अ‍ॅप बहुतेक वेळा गेलेल्या बारा महिन्यांचा लाभांश दाखवतं, आपल्याला येणारा हवाय. फरक इथे छोटा आहे, पण त्या बारा महिन्यांत कंपनीने एखादा खास, एकदाच दिलेला लाभांश घातला असेल, तर मोठी गडबड होते. तो आधी वजा करायचा.

आता दुसरा रस्ता, कॅपिटल अ‍ॅसेट प्रायसिंग मॉडेल, म्हणजे कॅपएम. विल्यम शार्प यांचा त्यावरचा गाजलेला लेख १९६४ चा. हे मॉडेल या शेअरचा भाव किंवा लाभांश बघतच नाही. ते विचारतं, शेअर बाजाराबरोबर किती हलतो? सरकारी रोख्याचा दर ७ टक्के धरू. एकूण बाजारासाठी जोखमीचा मोबदला ६ टक्के धरू. आणि बाजार १० टक्के हलला की हा शेअर साधारण ७ टक्के हलतो, म्हणजे बीटा ०.७. मग ७ अधिक ०.७ गुणिले ६, एकूण ११.२ टक्के.

एकीकडे ९.५, दुसरीकडे ११.२. यूट्यूबवर इथे लगेच निकाल लागतो: "शेअर महाग आहे, विका!" थांबा जरा. हा १.७ टक्क्यांचा फरक दिसतो छोटा, पण ११.२ हाच खरा दर मानला आणि वाढ ६ च ठेवली, तर भाव येतो १०.६० भागिले ०.०५२, म्हणजे जवळपास २०४ रुपये. तीनशेचे थेट दोनशे चार! आणि गंमत बघा, वाढ ६ ऐवजी ७.६ टक्के धरली, तर दोन्ही रस्ते ११.२ वर भेटतात आणि ३०० हा भाव एकदम बरोबर ठरतो. वाढीचा हा अंदाज इतक्या बारकाईने कुणालाच करता येत नाही.

कॅपएम तरी कुठे पक्कं आहे? बीटा दोन वर्षांच्या आकड्यांवरून काढला की एक येतो, पाच वर्षांच्या आकड्यांवरून काढला की दुसरा. बीटा ०.५ आणि मोबदला ५ टक्के धरला, तर उत्तर येतं ९.५. म्हणजे हुबेहूब आपलं पहिलं उत्तर. म्हणून दोन्हींत फरक आला की मी तीन संशयित धरतो: वाढ, बीटा, आणि सगळ्यात शेवटी भाव.

हा वाद नुसता पुस्तकी नाही बरं का. अमेरिकेत वीजवाहिन्यांच्या कंपन्यांना किती परतावा मिळावा हे तिथला केंद्रीय ऊर्जा नियामक आयोग ठरवतो. लोकांचं वीजबिल त्यावर अवलंबून असतं. आयोगाची जुनी भिस्त लाभांशाच्या पद्धतीवर होती. २०१४ मध्ये त्यांनी असंही ठरवलं, की वाढीच्या दरात दोन तृतीयांश वजन विश्लेषकांच्या अंदाजाला आणि एक तृतीयांश अर्थव्यवस्थेच्या दीर्घकालीन वाढीला द्यायचं. कारण उघड आहे: अर्थव्यवस्थेपेक्षा जोरात कुठलीच कंपनी कायमची वाढू शकत नाही. २०१९ मध्ये मग त्यांनी लाभांशाची पद्धत आणि कॅपएम यांची सरासरी घ्यायला सुरुवात केली. एकाच मोजपट्टीवर विसंबणं त्यांनाही नको वाटलं.

आपल्या मित्राकडे वळू. त्याच्यासाठी कामाचा प्रश्न उलटा आहे: लाभांश किती कमी वाढला तर एफडी जिंकेल? हिशेब केला की उत्तर येतं साधारण ३.५ टक्के. त्याहून कमी वाढ असेल, तर जोखीम घेऊनही परतावा ७ च्या खाली. (कर इथे धरलेला नाही. लाभांश आणि व्याज दोन्ही उत्पन्नात धरले जातात, भाववाढीवरचा कर वेगळा लागतो.)

मी त्याला सांगितलं, दहा वर्षांपूर्वीचा वार्षिक अहवाल काढ. त्याने काढला आणि हिरमुसला: "दादा, तेव्हा लाभांश ९ रुपये होता. दहा वर्षांत एकच रुपया वाढला!" असं असेल तर वाढ वर्षाला जेमतेम १ टक्का, आणि परतावा साडेचारच्याही आत. मी विचारलं, मधे बोनस शेअर आले होते का? आले होते, दोन शेअरवर एक. म्हणजे तेव्हाचा एक शेअर आज दीड झालाय, आणि तेव्हाचे ९ रुपये आजच्या हिशेबात ६ होतात. सहाचे दहा, दहा वर्षांत, म्हणजे वर्षाला ५.२ टक्के. तोच वेग पुढे राहिला तर परतावा ८.७ टक्के.

मग ८.७ विरुद्ध ७. वर मिळणारे १.७ टक्के हे भाव खालीवर होण्याचा ताण सहन करण्याचे, आणि लाभांश कापला जाण्याच्या शक्यतेचे. वडिलांचं वय ६३. दोन वर्षांत बहिणीच्या लग्नाला लागणारी रक्कम त्यांनी मोकळी केली, २०० शेअर विकून. उरलेले ३०० ठेवलेत, आणि मुलगा आता दर मे महिन्यात लाभांशाची घोषणा ३.५ टक्क्यांशी ताडून बघणार आहे.