फीडमध्ये दिसलं किती, थांबून पाहिलं किती?

समजा, आपण पुरणपोळीची ४० सेकंदांची क्लिप यूट्यूब शॉर्ट्सवर टाकली. दोन दिवसांनी व्ह्यूज ९,१०० झाले. घरात आनंद, पण कॉमेंट मात्र चारच. असं का होतं, ते आकडे सुटे करून बघू.

आधी दोन शब्द समजून घेऊ. इम्प्रेशन म्हणजे क्लिप कोणाच्या तरी स्क्रीनवर किती वेळा आली. रीच म्हणजे ती किती वेगवेगळ्या माणसांपर्यंत पोचली. एकाच मावशींना क्लिप तीनदा दिसली, तर इम्प्रेशन तीन आणि रीच एक. मावशी थांबल्या की अंगठ्यानं वर सरकवून पुढे गेल्या, हे या दोन्ही आकड्यांतून कळत नाही.

आता यूट्यूब स्टुडिओत त्या क्लिपचं Analytics उघडा. फीडमध्ये ती किती वेळा आली, हे Shown in feed खाली दिसतं. समजा, तिथे ८,००० आहे.

त्याच्या जोडीला Viewed vs. swiped away पाहा. तिथे ५५ आणि ४५ टक्के असतील, तर ८,००० पैकी ४,४०० वेळा लोक थांबले आणि ३,६०० वेळा पुढे गेले. हे टक्के वेळांचे आहेत, माणसांचे नाहीत. मला सगळ्यांत जास्त भरवसा याच जोडीचा वाटतो.

मग ९,१०० कुठून आले? ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाली की लगेच व्ह्यू धरला जातो, किती सेकंद पाहिली ते बघत नाहीत. क्लिप संपून पुन्हा सुरू झाली, तर तोही नवा व्ह्यू. शिवाय सर्चमधून किंवा चॅनेलच्या पानावरून आलेले वेगळेच. जुन्या पद्धतीचा आकडा आता Engaged views या नावानं मिळतो. त्या तारखेआधीच्या क्लिपशी तुलना करायची तर तोच घ्या, नाहीतर नवी क्लिप उगाच जोरात चालल्यासारखी भासते.

रीचसाठी Unique viewers पाहा. हा यूट्यूबचा अंदाज असतो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे रोजचे आकडे एकमेकांत मिळवणं. सोमवारी २,००० आणि मंगळवारी १,५०० माणसं, म्हणजे ३,५०० नव्हे. त्यातली ५०० दोन्ही दिवशी आली असतील, तर माणसं ३,०००च. म्हणून तारखांचा पूर्ण पट्टा निवडून एकदाच आकडा वाचा.

आता पुन्हा त्या ४५ टक्क्यांकडे येऊ. रिटेन्शनचा आलेख, म्हणजे कोणत्या सेकंदाला किती जण उरले याची रेघ, उघडा. रेघ पहिल्या दोन-तीन सेकंदांतच घसरली असेल, तर सुरुवात पाहा. आपल्या क्लिपमध्ये तिथे काय आहे? "नमस्कार मंडळी" आणि झाकण ठेवलेलं पातेलं. तव्यावर टम्म फुगलेली, तुपानं चमकणारी पोळी अठराव्या सेकंदाला येते. पुढच्या वेळी ती पहिल्याच फ्रेमला ठेवा, बाकी काही बदलू नका, आणि Shown in feed पुन्हा काही हजारांवर गेलं की टक्के ताडून पाहा. दीडशे वेळा दिसलेल्या क्लिपचे टक्के दर तासाला हलतात, त्यावरून काही ठरवू नका.