बोल्ला, दोगाना आणि इटलीहून येणारे मशिन

इटलीत बोलोन्याच्या आसपास पॅकेजिंग मशिन बनवणारे कितीतरी कारखाने आहेत. तिथून पुण्या-मुंबईकडे मशिन निघाले की इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट बहुधा इंग्रजीत येते. त्यांच्यासोबत येणारे बाकीचे कागद मात्र इटालियन असतात: कारखान्याच्या दारातून माल उचलल्याची पावती, तिथल्या कस्टम्सचा निर्यातीचा कागद, इन्व्हॉइसच्या तळाशी छापलेल्या कायदेशीर ओळी आणि सुट्या भागांच्या पुरवठादारांची बिले. न्हावा शेवा बंदरात वजन किंवा पेट्यांची संख्या जुळली नाही की सीएचए आयातदाराकडे हेच कागद मागतो, आणि ते तातडीने इंग्रजीत आणण्याची वेळ येते.

यातला सर्वांत जास्त गोंधळ घालणारा शब्द बोल्ला. १९७८ मध्ये इटलीने रस्त्यावरून जाणाऱ्या मालासोबत ‘बोल्ला दि आक्कोम्पान्यामेंतो’ नावाचा कागद बाळगणे सक्तीचे केले. १९९६ मध्ये ती सक्ती उठली आणि तिच्या जागी ‘दोकुमेंतो दि त्रास्पोर्तो’, म्हणजे डीडीटी, हा साधा वाहतूक-कागद आला. माल पाठवणारा, घेणारा, तारीख, क्रमांक, मालाचे वर्णन आणि संख्या एवढे त्यावर असावे लागते. पण कारखान्यातल्या माणसांच्या तोंडून बोल्ला काही गेला नाही. आजही डीडीटीला ते बोल्लाच म्हणतात. आपल्याकडच्या डिलिव्हरी चलनाच्या जवळ जाणारा हा कागद आहे. कस्टम्सशी त्याचा थेट संबंध नाही.

अडचण अशी की ‘बोल्ला दोगानाले’ किंवा ‘बोल्लेत्ता दोगानाले’ हा अगदी वेगळा कागदही आहे. दोगाना म्हणजे कस्टम्स, आणि हा तिथे दाखल केलेल्या घोषणेचा कागद. पुरवठादाराच्या मेलमध्ये नुसते ‘बोल्ला जोडला आहे’ असे लिहिलेले असते तेव्हा कोणता बोल्ला, हे क्रमांकावरून ओळखता येते. डीडीटीला कारखान्याचा स्वतःचा चढता क्रमांक असतो, उदाहरणार्थ ४१२. निर्यात-घोषणेला मात्र अठरा अक्षर-अंकांचा एमआरएन असतो. तो वर्षाच्या शेवटच्या दोन अंकांनी सुरू होतो आणि त्यांच्यापुढे इटलीचे आयटी येते. डीडीटीचा अनुवाद ‘कस्टम्स बिल’ असा झाला, तर सीएचए त्यावर नसलेला एमआरएन शोधत बसतो. उलट निर्यात-घोषणेला ‘शिपिंग बिल’ म्हणणेही टाळावे. शिपिंग बिल हा भारतातून बाहेर जाणाऱ्या मालाचा कागद आहे, आणि आयातीच्या फाइलमध्ये तो शब्द दिसला की वाचणारा थबकतो. ‘इटलीची निर्यात-घोषणा’ हे साधे वर्णन सर्वांत सुरक्षित.

निर्यातीच्या कागदावर दोन दोगानांची नावे दिसतात. ‘दोगाना दि एस्पोर्तात्सिओने’ म्हणजे घोषणा जिथे दाखल झाली ते कार्यालय, ‘दोगाना दि उशीता’ म्हणजे माल युरोपीय संघाबाहेर जिथून पडला ते. मशिन बोलोन्यात घोषित होऊन ला स्पेत्सिया बंदरातून जहाजावर चढले, तर दोन नावे वेगळी असणारच. ही विसंगती नाही, आणि अनुवादात दोन्ही कार्यालये वेगवेगळी लिहावीत. इन्व्हॉइसच्या तळाशी ‘नोन इंपोनीबिले’ असे शब्द आणि इटलीच्या १९७२च्या व्हॅट कायद्याच्या आठव्या कलमाचा उल्लेख असतो. निर्यात असल्यामुळे इटलीतला व्हॅट लागला नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्याचे ‘ड्यूटी-फ्री’ असे भाषांतर झाले तर आयातदाराला भारतात नसलेल्या सवलतीची आशा लागते. सीमाशुल्काला इटालियनमध्ये ‘दात्सिओ’ हा स्वतंत्र शब्द आहे, आणि तो या ओळीत कुठेच नसतो.

जहाजाच्या कागदातही असाच एक चकवा आहे. ‘पोलित्सा दि कारिको’ ही विम्याची पॉलिसी नव्हे. ते बिल ऑफ लॅडिंग. विम्याचा कागद ‘पोलित्सा दि आस्सिकुरात्सिओने’ या नावाने वेगळा येतो.

आता एक नमुना ओळीओळीने पाहू. समजा, औषधांच्या गोळ्यांची पाकिटे खोक्यांत भरणारे एक मशिन १,८०,००० युरोंना घेतले आहे. इन्व्हॉइसवर अट आहे एफसीए, म्हणजे विक्रेत्याने माल ठरलेल्या ठिकाणी खरेदीदाराच्या वाहतूकदाराच्या हवाली करायचा. ते ठिकाण ला स्पेत्सियाजवळचे एक गोदाम आहे. बोल्लावर ‘काउसाले: वेंदिता’ लिहिले आहे, म्हणजे वाहतुकीचे कारण विक्री. इथे ‘कोंतो व्हिसिओने’ असते तर माल फक्त पाहण्यासाठी दिला आहे असा अर्थ झाला असता, आणि ‘कोंतो रिपारात्सिओने’ असते तर दुरुस्तीसाठी. इन्व्हॉइस विक्रीचे आणि बोल्ला दुरुस्तीचा असे दिसले, तर अनुवाद पुरा करण्याआधी आयातदाराला कळवायला हवे.

त्याखालची ओळ ‘पोर्तो फ्रांको’. पोर्तो या शब्दाने बंदर डोळ्यांसमोर येते आणि कुणीतरी ‘मुक्त बंदर’ लिहून मोकळा होतो. इथे पोर्तो म्हणजे वाहतूक-भाडे. पोर्तो फ्रांको म्हणजे ते पाठवणाऱ्याने भरायचे, पोर्तो आस्सेन्यातो म्हणजे घेणाऱ्याने. पण नुसते ‘भाडे भरलेले’ एवढे लिहिले तरी धोका उरतोच. हा बोल्ला कारखान्यापासून गोदामापर्यंतच्या ट्रकचा आहे, त्यामुळे भरलेले भाडेही तेवढ्याच टप्प्याचे. भारतात शुल्क ठरते ते मशिनच्या किमतीत भारतापर्यंतचे भाडे आणि विमा मिळवून. वाचणाऱ्याने समुद्राचे भाडेही भरलेले मानले, तर घोषित मूल्य कमी पडते आणि पुढे विचारणा होते. खरे भाडे दाखवताच आले नाही, तर नियमाप्रमाणे एफओबी मूल्याच्या २० टक्के भाडे धरले जाते. एफओबी म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचे मूल्य. आपल्या मशिनची किंमतच ते मूल्य धरली, तर हे भाडे ३६,००० युरो होते. एका कंटेनरच्या खऱ्या भाड्यापेक्षा ही रक्कम सहसा कितीतरी जास्त असते. म्हणून अनुवादात ‘या प्रवासाचे भाडे पाठवणाऱ्याकडे’ असे लिहून कोणता प्रवास ते बोल्लावरच्या पत्त्यांवरून स्पष्ट करावे.

मग येतात ‘कोल्ली’, म्हणजे नग, आणि वजने. नमुन्यात तीन लाकडी पेट्या आणि एक पॅलेट आहे. ढोबळ वजन, इटालियनमध्ये ‘पेसो लोर्दो’, असे छापले आहे: २.८४०,०००, १.९६०,५००, १.४१५,०००; २६४,५००. इटलीत हजारासाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम, म्हणजे आपल्या नेमके उलट. पहिली पेटी दोन हजार आठशे चाळीस किलोची आहे. मोठ्या पेट्यांत ही चूक लगेच डोळ्यांत भरते, छोट्या भागांत नाही. एखाद्या सेन्सरच्या ओळीवर १,२५० किलो असेल तर ते सव्वा किलो आहे, साडेबाराशे नव्हे. खात्रीचा उपाय बेरजेचा. चारही वजने मिळून ६,४८० किलो होतात, आणि हाच आकडा बोल्लाच्या एकूण रकान्यात, पॅकिंग लिस्टवर आणि बिल ऑफ लॅडिंगवर दिसायला हवा. बेरीज जुळली नाही आणि चूक मूळ कागदातच असली, तर अनुवादकाने ती दुरुस्त करू नये. आकडा आहे तसा ठेवून ‘मूळ प्रमाणे’ अशी टीप द्यावी आणि दुरुस्त कागद पुरवठादाराकडून मागवायला सांगावे.

वर्णनाच्या ओळीत ‘एक आस्तुच्चात्रीचे, स्मोंताता, तीन पेट्यांत’ असे आहे. आस्तुच्चात्रीचे म्हणजे खोकी भरणारे मशिन, स्मोंताता म्हणजे सुटे केलेले. पुढे पेटीनिहाय तपशील येतो: माल पुढे सरकवणारा भाग, ‘क्वाद्रो एलेत्त्रिको’ म्हणजे विजेचे पॅनेल, ‘नास्त्रो त्रास्पोर्तातोरे’ म्हणजे कन्व्हेयर. साऱ्या कागदात सर्वांत जास्त काळजी या जागी घ्यावी लागते. वाहतुकीसाठी सुटे केलेले पूर्ण मशिन एकत्र आले, तर जगभर मान्य असलेल्या वर्गीकरणाच्या नियमानुसार ते एकच मशिन धरतात. पॅकेजिंग मशिनचे शीर्षक ८४२२ आहे. अनुवादात स्मोंताता हा शब्द गळला आणि तीन पेट्यांच्या तीन स्वतंत्र वस्तू झाल्या, तर पॅनेल ८५३७ खाली आणि कन्व्हेयर ८४२८ खाली जाण्याचा प्रश्न उभा राहतो. म्हणून प्रत्येक पेटीच्या ओळीत ‘वरील मशिनचा भाग’ हा धागा आणि ‘मात्रिकोला’, म्हणजे मशिनचा अनुक्रमांक, जसाच्या तसा आला पाहिजे. तपासणीत अधिकारी मशिनवरच्या धातूच्या पाटीवरचा हाच अनुक्रमांक पाहतो. त्या पाटीचा फोटो अनुवाद सुरू होण्याआधीच मागवलेला बरा.

पॅलेटवर सुटे भाग आहेत, शेरा ‘इन दोतात्सिओने, सेन्त्सा आद्देबितो’. मशिनसोबत देण्याचे, वेगळे पैसे न लावलेले. फुकट आले म्हणजे त्यांचे मूल्य शून्य, असे सीमाशुल्काच्या हिशेबात होत नाही. पुरवठादार बऱ्याचदा शेजारी ‘केवळ कस्टम्ससाठीचे मूल्य’ अशी रक्कम देतो. अनुवादात ती रक्कम आणि तो शेरा दोन्ही राहिले पाहिजेत.

इन्व्हॉइसवरची ‘मोंताज्जो ए कोल्लाउदो’ ही ओळ, जोडणी आणि चाचणी, अशीच जपावी लागते. इथे सारा अर्थ जागेत आहे. ‘प्रेस्सो क्लिएंते’ म्हणजे ग्राहकाच्या कारखान्यात, आयात झाल्यानंतर. असा खर्च किमतीपासून वेगळा दाखवलेला असेल तर भारतीय मूल्यनियमांनुसार तो सामान्यतः शुल्कपात्र मूल्यात धरत नाहीत. ‘प्रेस्सो नोस्त्रो स्ताबिलिमेंतो’ म्हणजे विक्रेत्याच्या कारखान्यात, माल निघण्याआधी. तो वस्तूच्या किमतीचाच भाग. दोन्ही ओळींचा अनुवाद नुसता ‘टेस्टिंग चार्जेस’ असा झाला तर आयातदाराकडे दाखवायला काहीच उरत नाही. आणि ‘कोंप्रेसो’, म्हणजे किमतीत समाविष्ट, असे लिहिले असेल, तर वेगळा आकडा नसल्याने वजावटीचा प्रश्नच येत नाही.

बोल्लाच्या तळाशी सह्या असतात: पाठवणाऱ्याची, ट्रकचालकाची, माल घेणाऱ्या गोदामाची. तिथेच हाताने खरडलेले शेरे सापडतात, आणि ते घाईत सोडून दिले जातात. ‘कोन रिसेर्व्हा’ म्हणजे तपासणीची अट राखून माल स्वीकारला. ‘दान्नेज्जाता’ म्हणजे खराब झालेली, आणि त्याच्यापुढे पेटीचा क्रमांक असतो. पुढे पेटी फुटलेली निघून विम्याचा दावा झाला, तर नुकसान इटलीतल्या रस्त्यावर झाले की समुद्रात, हे ठरवायला हा शेरा उपयोगी पडतो. अक्षर लागत नसेल तर अंदाजाने शब्द भरू नये. ‘हस्ताक्षर अवाचनीय’ असे त्या जागी लिहावे आणि मूळ कागदाची स्पष्ट प्रत गोदामाकडून मागवावी.